'आय थिंक'च्या जागी काय? आर्ग्यू, कन्टेंड, मेन्टेन आणि सजेस्ट यांचे वजन

प्रश्न: "मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीच्या मतनिबंधात माझं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'आय थिंक'ने सुरू होतं, म्हणून सरांनी सगळीकडे लाल गोल केलेत. त्याऐवजी आर्ग्यू, कन्टेंड, मेन्टेन, सजेस्ट यांतलं कुठलंही टाकलं तर चालेल का? आणि यांत जोर कशात जास्त?"

उत्तर: ही चारही क्रियापदे 'थिंक'च्या जागी बसतात, परंतु प्रत्येक क्रियापद लेखकाकडून काहीतरी वसूल करते. आर्ग्यू कारण मागते, कन्टेंडला समोर विरोधक लागतो, मेन्टेनला आधी घेतलेली भूमिका लागते आणि सजेस्टला पुरावा. जोराचा क्रम लावायचाच असेल तर सजेस्ट सर्वांत सौम्य, त्याच्या वर आर्ग्यू, नंतर कन्टेंड आणि सर्वांत चिवट मेन्टेन, असा लावता येतो. मात्र नुसता क्रम पाठ करून निबंध लिहिला तर लाल गोल कमी होणार नाहीत, फक्त त्यांची जागा बदलेल. म्हणून एकच विषय घेऊन ही क्रियापदे कुठे बसतात आणि कुठे बसत नाहीत ते पाहू.

समजा, निबंधाचा विषय 'शहराला रोज पाणी द्यावे का' असा आहे. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या सोलापूरकराला या विषयावर मत नसेल असे होत नाही. तुमचे मत असे आहे की रोज पाणी दिले तर उलट पाण्याची बचत होईल. 'आय थिंक डेली सप्लाय वुड सेव्ह वॉटर' एवढेच लिहून तुम्ही थांबलात, तर ते तुमच्या मनात काय आहे याचे निवेदन झाले. वाचक 'बरे' म्हणून पुढे जाईल. थिंक हे क्रियापद मनात काय आहे एवढेच सांगते, ते का आहे याची जबाबदारी घेत नाही. मराठीत 'मला वाटते'चेही तसेच आहे. वाटण्याला कारण देण्याची सक्ती नसते.

आता त्याच जागी 'आय आर्ग्यू दॅट' लिहिले की पुढच्या एक-दोन वाक्यांत कारण आलेच पाहिजे. हे क्रियापद लॅटिनमधल्या 'अर्ग्वेरे'पासून आले असून त्या मूळ शब्दाचा एक अर्थ 'स्पष्ट करणे, उघड करून दाखवणे' असा आहे. आपल्याकडे शाळेत आर्ग्यू म्हणजे 'वाद घालणे' असे शिकवले जाते, त्यामुळे अनेकांना निबंधात हा शब्द भांडखोर वाटतो. तो भांडणाचा अर्थ मुख्यतः 'आर्ग्यू विथ' या रूपात, म्हणजे कोणाशी तरी वाद घालण्यात येतो. 'आर्ग्यू दॅट' याला मराठीत 'प्रतिपादन करणे' हाच जवळचा शब्द आहे. आपल्या उदाहरणात कारण असे देता येईल: पाणी चार दिवसांनी येणार हे माहीत असल्यामुळे घराघरांत पिंपे, हंडे, बादल्या भरून ठेवल्या जातात, आणि पुन्हा नळ आला की उरलेले पाणी 'शिळे' म्हणून ओतून दिले जाते. पाणी रोज येणार असेल तर हा साठा करण्याचे आणि ओतून देण्याचे कारणच उरत नाही. एवढे लिहिल्यावर आर्ग्यू या शब्दाची किंमत चुकती झाली. कारण न देता आर्ग्यू लिहिणे ही मी पाहिलेल्या निबंधांतील सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती ओळखणे सोपे आहे. वाक्य संपल्यावर स्वतःला 'का?' असे विचारा. पुढच्या ओळींत उत्तर नसेल, तर तिथे आर्ग्यू शोभत नाही.

कन्टेंडबद्दल फार सांगण्यासारखे नाही. 'झटणे, झुंजणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे, आणि त्यात झुंजीचा वास अजून टिकून आहे. समोर कोणी उलट बाजू मांडत आहे हे वाचकाला दिसत असेल तेव्हाच तो बसतो. 'रोज पाणी दिले तर लोक जास्त वापरतील, असे पुष्कळांचे म्हणणे आहे' हे वाक्य आधी लिहून नंतर 'आय कन्टेंड' म्हटले तर ठीक वाटते. निबंधाच्या पहिल्याच ओळीत, कोणी विरोधक उभा नसताना तो आला की विनाकारण शड्डू ठोकल्यासारखे वाटते. न्यायालयीन इंग्रजीत वादी-प्रतिवादींचे म्हणणे नोंदवताना हा शब्द सर्रास येतो. विद्यार्थ्याच्या निबंधात प्रथमपुरुषी एकदा आला तर पुरे.

मेन्टेनची गोष्ट अधिक लक्ष देण्यासारखी आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'हाताने धरणे' आहे. हात आणि धरणे या दोन शब्दांचा जोड फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मराठीतही आपण 'मत धरून बसला', 'आपलेच धरून ठेवले' असे म्हणतो, म्हणजे दोन्ही भाषांत प्रतिमा एकच आहे. धरून ठेवायचे तर वस्तू आधीपासून हातात हवी आणि कोणीतरी ती हिसकावू पाहत असावे. म्हणून मेन्टेन हे निबंधाच्या सुरुवातीचे क्रियापद नव्हे. रोज पाण्याचे प्रतिपादन तुम्ही पहिल्या परिच्छेदात केले, दुसऱ्यात 'उन्हाळ्यात उजनीची पातळी खाली जाते, मग रोज पाणी आणायचे कोठून?' हा आक्षेप प्रामाणिकपणे मांडला, आणि त्यानंतर म्हणालात की 'इव्हन सो, आय मेन्टेन दॅट' टंचाईच्या दिवसांतही थोडे-थोडे पाणी रोज देणे हे खूप पाणी अंतराने देण्यापेक्षा बरे, तर तो शब्द अगदी जागेवर पडला. आक्षेप न मांडता मेन्टेन लिहिले तर वाचकाला वाटते की हा मनुष्य काहीतरी आधी बोलला होता आणि ते आपल्याकडून वाचायचे राहिले.

मेन्टेन आणि कन्टेंड यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. प्रथमपुरुषात ही क्रियापदे लेखकाचा ठामपणा वाढवतात, परंतु तृतीयपुरुषात तीच क्रियापदे लेखक आणि विधान यांच्यामध्ये अंतर पाडू शकतात. 'अधिकारी मेन्टेन दॅट' पाणी पुरेसे आहे, असे लिहिले तर अधिकारी ठाम आहेत हे कळते, पण लेखकाने ते मान्य केले आहे असे मुळीच कळत नाही, उलट पुढे 'परंतु' येणार अशी चाहूल लागते. मराठी बातमीत 'दावा केला' हे शब्द नेमके हेच काम करतात. 'पाणी पुरेसे असल्याचे सांगितले' आणि 'पाणी पुरेसे असल्याचा दावा केला' या दोन वाक्यांत बोलणाऱ्याचे म्हणणे एकच असले तरी बातमीदाराची जागा बदललेली असते. म्हणून ज्या व्यक्तीचे मत तुम्हाला स्वतःच्या बाजूने वापरायचे आहे, तिच्या तोंडी ही दोन क्रियापदे जपून घाला.

सजेस्टचे दोन वेगळे उपयोग आहेत आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते. एकात माणूस सूचना करतो, दुसऱ्यात पुरावा एखाद्या निष्कर्षाकडे बोट दाखवतो. 'ओतून दिलेल्या पाण्याने वाहणारी गटारे असे सुचवतात की साठवण हीच नासाडी आहे' यात सजेस्टचा कर्ता गटारे आहेत, मी नाही. मतनिबंधात हा दुसरा उपयोग फार कामाचा आहे, कारण त्यात वाक्यातून 'मी' बाजूला होतो आणि तरीही 'सिद्ध होते' इतका मोठा शब्द वापरावा लागत नाही. पहिल्या उपयोगात मात्र व्याकरण सांभाळावे लागते. मराठीत 'मी त्यांना सुचवले' असे सहज म्हणता येते, त्यामुळे आपल्या इंग्रजीत 'आय सजेस्टेड देम टू गो' असे येते, आणि ते चूक आहे. 'आय सजेस्टेड दॅट दे गो' किंवा 'दे शुड गो' असे हवे. आणखी एक बारकावा पाहा. 'आय सजेस्ट दॅट द कॉर्पोरेशन सप्लाय वॉटर डेली' यात सप्लायला शेवटी 'ज' लागत नाही, कारण ही सूचना आहे: महापालिकेने रोज पाणी द्यावे. 'द रेकॉर्ड्स सजेस्ट दॅट द कॉर्पोरेशन सप्लाइज वॉटर डेली' यात 'ज' लागतो, कारण हा निष्कर्ष आहे: नोंदींवरून पालिका रोज पाणी देते असे दिसते. एका 'ज'मुळे 'द्यावे'चे 'देते' झाले.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगायलाच हवी अशी जागा नकाराची आहे, कारण थिंक काढून दुसरे क्रियापद भरताना सर्वांत मोठा घोटाळा तिथे होतो. 'आय डोन्ट थिंक इट विल वर्क' आणि 'मला नाही वाटत हे जमेल' या दोन्ही वाक्यांत नकार वाटण्याला जोडलेला दिसतो, पण अर्थ 'हे जमणार नाही असे मला वाटते' असाच होतो. थिंक आणि वाटणे ही दोन्ही क्रियापदे नकार असा आपल्याकडे ओढून घेतात. आर्ग्यू, कन्टेंड, मेन्टेन यांना ते जमत नाही. 'आय डोन्ट आर्ग्यू दॅट इट विल वर्क' म्हणजे 'हे जमेल असे माझे प्रतिपादन नाही', आणि ते जमणार की नाही याबद्दल तुम्ही काहीच बोललेला नसता. निबंधात ज्या विधानाला तुम्ही कडकडून विरोध करत होता, त्याच विधानाबद्दल तुम्ही मौन पाळल्यासारखे होते. म्हणून थिंक काढताना नकार आतल्या वाक्यात न्यावा: 'आय आर्ग्यू दॅट इट विल नॉट वर्क.' तुमच्या लाल गोलांपैकी जितक्या ठिकाणी 'डोन्ट थिंक' आहे, त्या सगळ्या जागा आधी वेगळ्या काढा.

आर्ग्यूचा जोर थोडा उतरवायचा असेल तर 'आय वुड आर्ग्यू' लिहितात. मराठीत 'मी तर म्हणेन की' यात भविष्यकाळ जे काम करतो, तेच तिथे वुड करते.

सगळेच गोल पुसायचीही गरज नाही. 'आय थिंक सिद्धेश्वर तलाव संध्याकाळी सर्वांत सुंदर दिसतो' असे एखादे वाक्य निबंधात असेल, तर तिथे थिंक तसाच राहू द्या. त्या वाक्यापुढे 'का?' असे कोणी विचारणार नाही, आणि विचारले तरी तलावाच्या काठावर जाऊन उभे राहा, एवढेच सांगता येईल.