घेवरची जाळी का पडत नाही?

प्रश्न: घेवर करताना पीठ बारीक धारेने तुपात सोडते, तरी जाळी पडत नाही. पहिल्या धारेला नुसता चुरा तरंगतो आणि पाच-सहा धारांनंतर मधोमध पांढरट गोळा बसतो. धार किती उंचीवरून, किती बारीक आणि किती वेळाने सोडायची?

उत्तर:

पहिल्या धारेला चुरा तरंगणं ही चूक नाही, तो तसाच तरंगायला हवा. खरी अडचण पुढच्या गोळ्याची आहे, आणि तो बहुतेक वेळा धारेच्या जाडीमुळे नव्हे तर दोन धारांमधल्या घाईमुळे बसतो. मी जयपूरला राहते. श्रावणात तीज जवळ आली की इथल्या हलवायांच्या दुकानांसमोर घेवर तळायच्या कढया लागतात आणि कारागिरांचं काम अगदी समोरून बघायला मिळतं. त्यांच्या हाताकडे बघताना धारेइतकंच लक्ष ते थांबतात कधी याकडे द्यावं.

आधी धार तुपात पडल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप जुळेल. घेवरच्या पिठात मैद्याच्या अडीच-तीन पट पाणी असतं आणि त्या पाण्यात फेटलेल्या तुपाचे बारीक कण अडकलेले असतात. हे मिश्रण कडक तुपात पडलं की पाण्याची एकदम वाफ होते. ती वाफ धारेचे तुकडे करून त्यांना वर आणि कडेला फेकते. पिठातलं तूप वितळून भांड्यातल्या तुपात मिसळतं, पाणी उडून जातं आणि मागे उरतात मैद्याचे पातळ, सच्छिद्र धागे. ते भांड्याच्या कडेला जाऊन एकमेकांना चिकटतात. पहिल्या दोन धारांत हे धागे सुटे असतात, तोच तुमचा चुरा. तिसऱ्या-चौथ्या धारेचं ओलं पीठ त्यांच्यात अडकलं की कडेने कडं तयार होतं, आणि पुढची प्रत्येक धार त्याच्यावर आणि खाली थर चढवत जाते.

म्हणजे जाळी वाफ पाडते. वाफ जोरात निघायची तर तूप प्रत्येक धारेच्या वेळी तेवढंच तापलेलं हवं, साधारण १८० अंश सेल्सिअस. इथेच घरी गडबड होते. ढोबळ हिशेब करून बघा. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिली पिठात, १०-१२ मिली पाणी असतं. बर्फगार पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता लिटरभर तुपातून काढून घेतली तर तूप पंधरा-एक अंशांनी उतरतं. खालून गॅस चालू असतो म्हणून प्रत्यक्षात इतकं उतरत नाही, पण गॅसला ती भरपाई करायला वेळ द्यावा लागतो. न थांबता चार-पाच धारा सोडल्या तर तूप १४०च्याही खाली जाऊ शकतं. मग सहावी धार पडते तेव्हा तिच्यातलं पाणी उसळत नाही, नुसतं बुडबुडतं. पीठ विखुरतच नाही, आहे तिथे मधोमध शिजतं आणि पांढरट गोळा होतो. तुमच्या वर्णनावरून हेच होतंय असं मला वाटतं.

कधी थांबायचं आणि कधी सोडायचं हे फेस सांगतो. धार पडली की तूप फेसाळून वर चढतं. तो फेस पूर्ण बसू द्या. वरचे मोठे बुडबुडे जाऊन तूप पुन्हा दिसायला लागलं आणि चर्रर्र आवाज बारीक झाला, की पुढची धार. घरच्या गॅसवर याला २० ते ३० सेकंद लागतात. दुकानात ही वाट पाहणं वेगळं दिसत नाही, कारण तिथे एका पसरट कढईत तुपामध्ये पत्र्याची बरीच कडी मांडलेली असतात. कारागीर एका कड्यात धार सोडतो, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. फेरी पूर्ण करून पहिल्या कड्याशी येईपर्यंत तिथला फेस बसलेला असतो. आपल्याकडे एकच भांडं असतं, म्हणून हात रिकामा राहतो आणि घाई होते.

आता उंची. तुपाच्या पातळीपासून १५ ते २० सेंटिमीटर पुरे. फार खालून सोडलं तर धार हळू पडते, एका जागी साचते, शिवाय वाफेने हातातलं पीठ कोमट होतं. फार वरून सोडलं तर धार वाटेतच तुटून थेंब होतात आणि तूप अंगावर उडतं. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असावी. चमच्याने धार सारखी पडत नाही, म्हणून सॉसची टोकदार बाटली घ्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा. मैदा तळाशी बसतो, तेव्हा प्रत्येक धारेआधी बाटली हलवायची. एका वेळी एक मोठा चमचाभर पीठ, त्याहून जास्त नाही, आणि धार नेहमी मधोमध.

मधोमध म्हणजे भोकातून. दुसऱ्या-तिसऱ्या धारेनंतर धागे मध्यभागी गोळा व्हायला लागतात. तेव्हा लाकडी सळईने किंवा सुरीच्या पाठीने ते हलकेच कडेकडे सारून मध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची जागा मोकळी करा. पुढची धार त्या मोकळ्या तुपात पडली पाहिजे. ती तिथे उसळते, तिचे तुकडे जाळीच्या खालून वर येतात, काही फेसाबरोबर वरून पसरतात, आणि जाळी दोन्हीकडून जाड होते. भोक बुजलं आणि धार तयार जाळीवर पडली, तर ते पीठ तिच्या छिद्रांत भरतं, वाफेला वाट राहत नाही आणि तो भाग पिठूळ, जड होतो. म्हणून प्रत्येक धारेनंतर, फेस बसला की, आधी भोक बघायचं.

हे सगळं पीठ थंड असलं तरच चालतं. मी घेते ते प्रमाण सांगते: २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम घट्ट तूप, १२५ मिली थंडगार दूध, साधारण ६०० मिली बर्फाचं पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस. परातीत तुपावर तीन-चार बर्फाचे खडे ठेवून तळहाताने गोल गोल फेसायचं. पाच-सात मिनिटांत तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होतं. सुटलेलं पाणी आणि उरलेला बर्फ काढून टाका, त्यात मैदा चोळा, मग दूध आणि थोडं थोडं पाणी घालत गुठळ्या मोडा. सगळं पाणी एकदम ओतू नका. शेवटचं शंभर मिली बघून घालायचं, कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. पीठ पळीच्या पाठीवर पातळ थर सोडून लगेच ओघळलं पाहिजे, ताकापेक्षा किंचित दाट. मिक्सर लावलात तर थोडाच वेळ, कारण तो पीठ गरमही करतो आणि मैद्याला चिवटही करतो.

पीठ कोमट झालं की त्यातलं तूप वितळून वर पिवळसर तवंग येतो. असं पीठ कितीही छान धारेने सोडलं तरी जाळी नीट पडत नाही, कारण तुपाचे कण आता पिठात विखुरलेले नसतात. मुंबई-कोकणाकडच्या दमट उकाड्यात हे फार पटकन होतं. बाटली बर्फाच्या पाण्यात उभी ठेवूनच काम करा. तवंग दिसला तर पीठ फ्रिजमध्ये गार करून पुन्हा चांगलं फेटून घ्यायचं.

भांडं अरुंद आणि उंच घ्या: तोंड १२-१३ सेंटिमीटर, उंची किमान १५. जाड बुडाचं असेल तर उत्तम, कारण त्यात उष्णता साठून राहते. तूप अर्ध्यापर्यंतच भरायचं, म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी. यात कंजूषीही नको आणि जास्तही नको. तूप कमी असलं तर धारेसरशी थंड पडतं. जास्त भरलं तर पहिल्याच धारेला फेस काठावरून थेट गॅसच्या ज्योतीवर जातो आणि भडका उडतो. फेस काठाशी यायला लागला तर गॅस बंद करा, पाणी अजिबात जवळ आणू नका.

आता एक घेवर सुरुवातीपासून. गॅस मध्यम ते मोठा. तुपात थेंबभर पीठ टाका. ते लगेच तडतडत वर आलं, पण क्षणात तांबूस झालं नाही, तर तूप बरोबर आहे. पहिल्या दोन धारांना चुरा कडेला जाईल, जाऊ द्या. तिसरीनंतर भोक करा. पाचवीपर्यंत कडेने सलग कडं दिसायला हवं. सहाव्या-सातव्या धारेला फेस आधीसारखा उसळला नाही तर ताबडतोब थांबा, तूप तापू द्या, मगच पुढे जा. दहा-बारा धारांत दोन-तीन सेंटिमीटर जाडी येते. मग गॅस मध्यम करून वरच्या बाजूवर पळीने गरम तूप सोडत राहा. कडा भांड्यापासून सुटल्या, बुडबुडे जवळजवळ थांबले आणि रंग बदामी झाला, की भोकात सळई घालून सरळ वर उचला आणि जाळीवर उभा करून निथळू द्या. आडवा ठेवलात तर तूप आतच राहतं. या प्रमाणात असे पाच-सहा घेवर होतात.

पाचव्या धारेलाही कडं जमलं नाही आणि चुरा सुटाच राहिला, तर पीठ जास्त पातळ झालंय. चमचाभर मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून त्यात मिसळा. उलट पहिल्याच धारेला, तूप कडक असूनही, भज्यासारखे गोळे आले तर पीठ घट्ट आहे, थोडं बर्फाचं पाणी घाला. म्हणजे पहिल्या धारेपासून दिसतो तो पिठाचा दोष आणि सहाव्या धारेला दिसतो तो तुपाचा, असा फरक धरून चाललात की काय दुरुस्त करायचं ते लगेच कळतं.

पाक एकतारी, कोमट, आणि घेवर पूर्ण निथळल्यावर चमच्याने वरून घालायचा. बुडवू नका, पातळ जाळी पटकन मऊ पडते. रबडी घालणार असाल तर वाढायच्या वेळी घाला. आणि प्रत्येक घेवर काढल्यावर झाऱ्याने तुपातला उरलेला चुरा गाळून घ्या, नाहीतर तो जळून पुढच्या घेवरच्या जाळीत काळे ठिपके होऊन बसतो.