सिक्युरिटी पॅच, मायनर अपडेट आणि मेजर अपग्रेड यांत फरक काय?

प्रश्न: फोनवर सारखे अपडेटचे मेसेज येतात. कधी सिक्युरिटी पॅच, कधी साधं अपडेट, कधी थेट नवीन व्हर्जन. मला यातलं काहीच कळत नाही. तिघांत फरक काय आणि प्रत्येक वेळी लगेच करायलाच हवं का?

उत्तर:

सिक्युरिटी पॅच मुख्यतः सापडलेली पळवाट, म्हणजे ज्यातून चोर आत शिरू शकतो अशी सॉफ्टवेअरमधली चूक, बंद करतो. मायनर अपडेट तुमच्या आहे त्याच व्हर्जनमध्ये थोडी भर घालतं, काही चुका दुरुस्त करतं. मेजर अपग्रेड मात्र आतली रचनाच बदलतं, त्यामुळे जुनी ॲप्स, जुनी उपकरणं, कधीकधी तुमचा फोनसुद्धा त्यातून बाहेर पडू शकतो. म्हणून पहिलं लगेच करावं, दुसरं सवडीने आणि तिसरं तयारी करून.

आता हे एका खऱ्या उदाहरणावरून बघू. आयफोनचं २०२३ सालचं घेतो, कारण तिन्ही प्रकार सहा महिन्यांच्या आत एकापाठोपाठ आले.

आयओएस म्हणजे आयफोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. २७ मार्च २०२३ ला आयओएस 16.4 आलं. त्यात २१ नव्या इमोजी होत्या, साध्या फोन कॉलमध्ये आजूबाजूचा गोंगाट कमी करायची सोय होती, होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेबसाइट्सना नोटिफिकेशन पाठवता येऊ लागलं. फोन तोच, सेटिंग्ज जिथल्या तिथे, ॲप्स पूर्वीसारखीच चालू, फक्त चार गोष्टी जास्त. हे झालं मायनर अपडेट. व्हर्जनचा आकडा बघा: सुरुवातीचा 16 तसाच राहिला, टिंबानंतरचा बदलला.

मग ७ एप्रिलला 16.4.1 आलं. नवीन सोय एकही नाही. एका इमोजीला त्वचेचा रंग निवडता येत नव्हता आणि काही वेळा सिरी उत्तर देत नव्हती, या दोन किरकोळ दुरुस्त्या होत्या. पण खरं कारण वेगळं होतं. दोन पळवाटा सापडल्या होत्या. एकीमुळे मुद्दाम तयार केलेलं वेबपेज उघडलं तर त्या पेजमधला कोड फोनवर चालू शकत होता. दुसरीमुळे एखाद्या ॲपला फोनच्या अगदी गाभ्यापर्यंतचे अधिकार मिळू शकत होते. या पळवाटांचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला गेला असावा अशी माहिती मिळाली आहे, असं ॲपलने त्या अपडेटच्या माहितीत स्वतःच लिहिलं होतं. अपडेटच्या खालच्या बारीक अक्षरात 'actively exploited' हे दोन शब्द दिसले की मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि ते अपडेट आधी करून टाकतो. त्याचा अर्थ असा की चोराला वाट आधीच माहीत आहे. हा झाला सिक्युरिटी पॅच.

आणि १८ सप्टेंबर २०२३ ला आयओएस 17 आलं. सुरुवातीचा आकडाच बदलला. फोन आडवा चार्जिंगला लावला की घड्याळासारखा दिसणं, दोन फोन जवळ आणून नंबर देणं अशा बऱ्याच नव्या गोष्टी आल्या. पण त्याच वेळी आयफोन 8, 8 प्लस आणि आयफोन X यांना ते मिळालंच नाही. हे मेजर अपग्रेडचं खास लक्षण. देतानाच ते कुणाला तरी मागे सोडतं. २०१७ च्या आयओएस 11 मध्ये हे आणखी ठळक दिसलं. त्याने ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बांधलेली, ॲप्स चालवणंच बंद केलं. ज्या ॲपच्या कंपनीने ते नव्याने बांधलं नव्हतं, ते ॲप अपग्रेडनंतर उघडेनासं झालं. त्यात बिघाड कुठलाच नव्हता, तो ठरवून केलेला बदल होता.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: सगळ्यात नवीन व्हर्जन म्हणजे सगळ्यात सुरक्षित. तसं नसतं. आयओएस 17 आल्यावर तिसऱ्याच दिवशी, २१ सप्टेंबरला, 17.0.1 आलं, कारण प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या तीन पळवाटा बुजवायच्या होत्या. म्हणजे उत्साहाने पहिल्या दिवशी 17 घेतलेल्या माणसाच्या फोनमध्येही त्या होत्याच. त्याच दिवशी जुन्या 16 साठी 16.7 आलं आणि त्यातही त्याच पळवाटा बुजवलेल्या होत्या. ज्या आयफोन X ला 17 मिळालंच नव्हतं, तो 16.7 टाकून या पळवाटांपुरता सुरक्षित झाला. त्यामुळे 'तुमचं व्हर्जन किती नवीन?' यापेक्षा 'तुमच्या व्हर्जनला अजून पॅच येतात का आणि शेवटचा पॅच तुम्ही टाकलाय का?' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

अँड्रॉइडवर ही गोष्ट स्क्रीनवरच दिसते, कारण तिथे दोन वेगळ्या नोंदी असतात. Settings उघडून About phone मध्ये जा. एक ओळ Android version ची असते, समजा 13. तिथेच आसपास, किंवा त्या ओळीवर बोट ठेवलं की आत, Android security update ची ओळ असते आणि तिच्यापुढे तारीख असते. काही कंपन्यांच्या फोनवर शब्द थोडे वेगळे असतात, पण तारीख असतेच. ही तारीख तुम्ही अपडेट कधी केलंत त्याची नव्हे, कोणत्या महिन्यापर्यंतच्या पळवाटा बुजवल्या आहेत त्याची असते. आकडा 13 आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची, असा फोन सहज सापडतो. दिसायला तो ठीक असतो, पण दोन वर्षांत जगजाहीर झालेल्या बऱ्याच पळवाटा त्यात उघड्या असतात. ती तारीख आत्ता लगेच बघून घ्या, अर्धं मिनिटही लागत नाही.

पॅच 'लगेच' का, तेही सांगतो. पॅच बाहेर पडला की पळवाट कुठे होती हे सगळ्या जगाला कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं हे बघता येतं, आणि जाणकार हल्लेखोर तेच करतात. म्हणून पॅच आल्यानंतर ज्यांनी तो टाकला नाही, त्यांचा धोका आधीपेक्षा वाढतो. विंडोजच्या बाबतीत याचं उदाहरण फार महागात पडलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला एक पॅच दिला, त्याचं नाव MS17-010. १२ मे २०१७ ला, म्हणजे जवळपास दोन महिन्यांनी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस नेमक्या त्याच पळवाटेतून जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांचे कॉम्प्युटर बंद पडले, रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पॅच मात्र तोपर्यंत केव्हाचाच उपलब्ध होता.

पॅचने कधी काही बिघडतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०२३ मध्ये ॲपलने 16.5.1 (a) नावाचा छोटा पॅच दिला. ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला आपलं नाव आणि व्हर्जन सांगत असतो. त्यात आता कंसातला a आला आणि काही वेबसाइट्सना तो ओळखताच येईना, त्या नीट उघडेनात. ॲपलने तो पॅच मागे घेतला आणि दोन दिवसांनी 16.5.1 (c) दिला. पॅच बिघडला तर साधारण असंच होतं: त्रास एखाद्याच ठिकाणी असतो, लवकर लक्षात येतो आणि लवकर निस्तरतो. त्या भीतीने महिनोन्‌महिने पॅच टाळणं मला अजिबात पटत नाही.

मेजर अपग्रेडचं गणित उलटं आहे. तिथे घाई नडते, कारण परतीची वाट बहुतेक बंद असते. आयफोनवर नवीन व्हर्जन आल्यावर थोड्याच काळात ॲपल जुन्याला मंजुरी देणं थांबवतं, मग जुनं परत टाकताच येत नाही. म्हणून आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो खरंच पूर्ण झाला का, हे त्याची तारीख बघून खात्री करा. मग ज्या ॲप्सशिवाय तुमचं चालणार नाही, म्हणजे बँकेचं, ऑफिसचं, तब्येतीच्या एखाद्या उपकरणाशी जोडलेलं, ती नव्या व्हर्जनवर चालतात का हे त्या त्या ॲपच्या पानावर वाचा. फोनमध्ये काही जीबी जागा मोकळी ठेवा. आणि शक्य असेल तर पहिलं दुरुस्तीचं अपडेट येईपर्यंत थांबा. मी स्वतः तेवढं थांबतोच, मात्र त्या काळात जुन्या व्हर्जनचे पॅच घेत राहतो.

आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. पहिला आकडा बदलला तर मेजर, दुसरा बदलला तर मायनर, तिसरा बदलला तर दुरुस्ती, ही पद्धत खूप ठिकाणी चालते, पण सक्ती कुणावरच नाही. क्रोम ब्राउझर दर काही आठवड्यांनी पहिला आकडा वाढवतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. उलट मॅकवर 10.14 वरून 10.15 हा बदल, २०१९ चा, दिसायला किरकोळ आणि प्रत्यक्षात मेजर होता. ३२-बिट ॲप्स मॅकवर तेव्हाच बंद झाली. डाउनलोडचा आकारही फसवतो. खात्रीचं एकच: अपडेटच्या स्क्रीनवर 'Learn more' किंवा तशीच ओळ असते, ती उघडून दोन मिनिटं वाचा. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या असतील तर आज रात्री चार्जिंगला लावून करून टाका. एखाददुसरी नवी सोय असेल तर आठवड्याभरात कधीही करा. नाव किंवा मुख्य आकडा बदलत असेल तर वर सांगितलेली तयारी आधी करा.

आणि मेजर अपग्रेड कायमचं टाळता येईल का? जुन्या व्हर्जनचे पॅच चालू आहेत तोवर टाळता येतं. विंडोज 10 चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवसानंतरही कॉम्प्युटर पूर्वीसारखेच सुरू होतात, फक्त नव्याने सापडणारी पळवाट आपोआप बुजत नाही. अशी वेळ प्रत्येक मोठ्या व्हर्जनवर येते आणि अनेक कंपन्या तिची तारीख आधी जाहीर करतात. तुमच्या फोनचं मॉडेल आणि 'security updates' असं शोधलंत की बऱ्याचदा कंपनीच्याच पानावर ती सापडते.