टकटक करणारी हार्ड डिस्क आणि रिकव्हरीवाल्यांना पाठवायची मेल

प्रश्न: २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉपी चालू असतानाच टेबलावरून पडली. आता लावली की टक-टक आवाज येतो आणि कॉम्प्युटरवर दिसत नाही. केबल बदलून तीन-चार वेळा लावून पाहिली. रिकव्हरीवाल्यांना मेल करायची आहे. "हार्ड डिस्क खराब झाली आहे, डेटा मिळेल का, खर्च किती?" एवढं पुरे का? आणि पाठवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर:

पाचव्यांदा लावू नका. मेल नंतर, हे आधी.

डिस्कच्या आत तबकड्या फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर डेटा वाचणारे-लिहिणारे हेड तरंगत असतात. डिस्कला सुरू व्हायला लागणाऱ्या फर्मवेअरचा मोठा भाग त्या तबकड्यांवरच लिहिलेला असतो. हेडला तो वाचता आला नाही की हेड धरणारा आर्म मागे जातो, पुन्हा पुढे येतो, पुन्हा मागे. तुम्हाला ऐकू येते ती ही येरझार. पडल्यामुळे हेड वाकलं असेल तर दर वेळी ते तबकडीवर घासतं, चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्याची भुकटी बाकीच्या हेडखालीही जाते. खरवडलेल्या भागातला डेटा कोणत्याही लॅबला परत आणता येत नाही, कारण तो तिथे उरलेलाच नसतो. म्हणून विंडोजची `chkdsk` तपासणी नको, रिकव्हरी सॉफ्टवेअर नको, फ्रीजरमध्ये ठेवणं तर नकोच. (न पडलेली डिस्क टकटकत असेल तर कधी कधी पोर्टमधून वीज कमी मिळत असते. तिथे दुसरी केबल लावून एकदा पाहणं ठीक. तुमची पडलेली आहे.)

आता मेल. तुमच्या दोन ओळींना दुकानदार एकच उत्तर देऊ शकतो: "आणा, बघून सांगतो." मीही एकदा नेमकं तेच लिहिलं होतं, १ टीबीची डिस्क अशीच पडली होती तेव्हा. तीन ठिकाणांहून तेच उत्तर आलं आणि निवड कशावरून करायची ते कळेना. मग सगळा इतिहास लिहून पुन्हा मेल केली. एकाने न बघताच ठाम आकडा दिला. दुसऱ्याने उलट विचारलं, "आवाज सुरू झाल्यावर एकूण किती मिनिटं चालू होती? आधी कोणी उघडली आहे का?" मी दुसऱ्याकडे गेलो.

तुमची मेल साधारण अशी असू द्या:

"नमस्कार. २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, लेबलचा फोटो जोडला आहे. चालू असताना टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडली. त्यानंतर चार वेळा लावली, दर वेळी साधारण अर्धा मिनिट. तबकडी फिरल्याचा आवाज येतो, मग आठ-दहा वेळा टक-टक होऊन ती थांबते. कॉम्प्युटरवर दिसत नाही. कोणतंही सॉफ्टवेअर चालवलेलं नाही, डिस्क कोणी उघडलेली नाही. पासवर्ड किंवा बिटलॉकर नाही. सगळ्यात महत्त्वाचं फोटोंचं फोल्डर, अंदाजे २०० जीबी. त्यानंतर कागदपत्रं. सिनेमे गेले तरी चालतील.

तपासणीचे पैसे लागतात का? डेटा मिळाला नाही तर काय द्यावं लागेल? सुट्या भागांसाठी लागणाऱ्या डोनर डिस्कचा खर्च दरात धरलेला आहे की वेगळा? हेड बदलण्याचं काम तुमच्याकडेच होतं की बाहेर पाठवता? डिस्क उघडण्याआधी मला विचाराल का? पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवता का? काम झाल्यावर माझ्या डेटाची प्रत तुमच्याकडे किती दिवस राहते?"

आवाजाचं वर्णन नीट करा. फिरून टकटकणं आणि न फिरता बारीक 'बीप' किंवा गुरगुर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात बहुधा हेड तबकडीला चिकटलेलं असतं किंवा मोटर अडकलेली असते. तुम्ही केलेले प्रयोग लपवू नका. दुकानदार रागावणार नाही, पण चुकीच्या माहितीवर त्याने डिस्क पुन्हा सुरू केली तर नुकसान तुमचंच.

शक्यतेबद्दल: पडून टकटकणाऱ्या डिस्कमध्ये बहुधा हेड गेलेलं असतं. तबकडी शाबूत असेल तर हेड बदलून बराचसा डेटा निघू शकतो. तबकडीवर गोल चरे पडले असतील तर फार थोडा, किंवा काहीच नाही. यातलं कोणतं, ते स्वच्छ हवेच्या बंदिस्त जागेत झाकण काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून मेलवर "९५ टक्के मिळेल" म्हणणाऱ्यापासून मी दूर राहतो.

माझ्या डिस्कचं काय झालं ते सांगतो, म्हणजे 'अर्धवट मिळणं' म्हणजे काय ते कळेल. चार हेडपैकी एक मेलं होतं. त्यांनी आधी डोनरची हेड बसवली, चांगल्या तीन पृष्ठभागांवरचा डेटा आधी काढला आणि चरा पडलेला चौथा शेवटी घेतला. तो थोडाच वाचला. डिस्क डेटा एका पृष्ठभागावर सलग लिहीत नाही, थोडा इथे, थोडा तिथे असा लिहिते. त्यामुळे लहान फाइली, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, बहुतेक पूर्ण आली. मोठ्या व्हिडिओंना मात्र मधेमधे भोकं पडली. यादीत नावं दिसत होती, पण उघडत नव्हते. फाइलींच्या नुसत्या यादीवर समाधान मानू नका. महत्त्वाच्या फोल्डरमधल्या दहा-वीस फाइली समोर उघडून दाखवायला सांगा, मगच उरलेले पैसे द्या.

खर्च कशामुळे चढतो? नुसतं फर्मवेअर बिघडलं असेल तर काम तुलनेने स्वस्त. हेड बदलायची वेळ आली की डोनर लागतो आणि नुसता मॉडेल नंबर जुळून भागत नाही, त्याच मॉडेलच्या आतली रचनाही जुळावी लागते. कधी दोन डोनर खर्ची पडतात. ते कोणाच्या खिशातून, हे आधी लेखी घ्या. "सर्किट बोर्ड बदलून बघू" म्हणणाऱ्याला विचारा की जुन्या बोर्डवरची रॉम चिप हलवणार का. त्या डिस्कपुरती जुळवलेली माहिती त्या चिपमध्ये असते, नुसता दुसरा बोर्ड लावून आजच्या डिस्क बहुधा चालत नाहीत.

पाठवताना डिस्क तिच्या बाहेरच्या कवचातून काढू नका. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा भाग बोर्डवरच असतो आणि डेटा तिथेच एन्क्रिप्ट होतो, त्यामुळे सगळं एकत्र जाऊ द्या. अँटिस्टॅटिक पिशवी, तिच्याभोवती सगळ्या बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर दाट फोम, मग मजबूत खोका. खोका हलवल्यावर आत काही सरकलं तर पॅकिंग पुन्हा करा. वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते वाटेत दबतात. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या, आणि पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या. मिळालेला डेटा घ्यायला दुसरी रिकामी डिस्क लागेल, ती सोबत द्यायची की त्यांच्याकडून घ्यायची तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.