निषिद्ध शब्दाची चिठ्ठी नीट निवडा

कथालेखनाच्या सरावासाठी वस्तू, जागा आणि कथेत वापरायचा नाही असा निषिद्ध शब्द अशा तीन डब्या करून प्रत्येकीत दहा-दहा चिठ्ठ्या टाकल्यात आणि कथेसाठी प्रत्येकीतून एक-एक काढलीत, तर एक हजार वेगवेगळ्या जुळण्या मिळतात. सुरुवातीला याहून अधिक अटी घेऊ नका. जागा मात्र नेमकी लिहा. ‘कोल्हापूर’ फार सैल आहे, ‘पंचगंगेच्या घाटाची शेवटची पायरी’ कामाची आहे.

खरी मेख तिसऱ्या डबीत असते. नवशिके तिच्यात ‘हत्ती’ किंवा ‘विमान’ असे शब्द टाकतात आणि ते कथेत येणारच नसल्यामुळे बंदी निरुपयोगी ठरते. आपण ज्यांच्यावर सहज रेलतो, असे ‘आठवण’, ‘अचानक’, ‘डोळे’, ‘शांतता’ हेच शब्द तिथे ठेवा.

समजा, गंजलेले कुलूप, घाटाची ती शेवटची पायरी आणि ‘आठवण’ अशा चिठ्ठ्या निघाल्या. ‘त्याला वडिलांची आठवण झाली’ हे वाक्य आता लिहिता येत नाही, म्हणून तो मुलगा कुलूप अंगठ्याने दाबून धरतो, किल्ली आधी थोडी डावीकडे फिरवतो आणि शेजारी बसलेली आई म्हणते, “तेही असंच उघडायचे.” बंदीत ‘आठवले’, ‘आठवत’ ही रूपे आणि ‘स्मरण’सारखे पर्यायही धरा, नाहीतर फक्त शब्दांची अदलाबदल होते.

चिठ्ठी आवडली नाही म्हणून पुन्हा काढणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण मनाजोगती जुळणी मिळेपर्यंत थांबणारा आपली नेहमीचीच कथा लिहितो. पानभर लिहूनही निषिद्ध शब्दापाशी एकदाही अडला नाहीत, तर तो शब्द डबीतून काढून टाका.