आईच्या पाटल्यांसाठी लोन काढू का?

आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत, आईला सोन्याच्या पाटल्या घ्यायच्यात. बजेट दीड लाख, पण आवडलेल्या दोन लाखांवर जातायत. वरचे पर्सनल लोन काढून घेऊ का?

लोन नका काढू, त्याच दीड लाखात साध्या, कमी घडणावळीच्या पाटल्या घ्या. मी फोंड्याला सोनाराच्या दुकानात बरीच वर्षं बिलं केलीत त्यावरून सांगतो, नक्षीकामाचे पैसे परत येत नाहीत. समजा सोनं 1 लाखाचं आणि घडणावळ 18 टक्के, म्हणजे 18,000, त्यावर 3 टक्के जीएसटी 3,540, बिल झालं 1,21,540, पण उद्या मोडायला नेलं तर भाव फक्त सोन्याचाच लावतात आणि त्यातूनही थोडी कपात होते. तुम्ही लोनचं व्याज भरणार ते मुख्यतः या वरच्या पैशांसाठी. म्हणून दुकानात किंमत नंतर विचारा, आधी निव्वळ वजन आणि घडणावळ किती ते विचारा, आणि आतल्या बाजूला 22 कॅरेटचा 916 हा शिक्का आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क नंबर भिंगातून बघा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की खरा का खोटा ते कळतं. फक्त एक, स्वस्त पडतात म्हणून पोकळ नका घेऊ. आई रोज घालणार असेल तर ओट्याला आपटून पोचा पडतो आणि तो नीट निघत नाही. आत लाख भरलेली असेल तर तिचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेवढं बिलावर बघा.