निळ्या बल्बात रक्त कमी पडलं तर

प्रश्न: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. रक्त घेताना लाल आणि जांभळी बाटली नीट भरली, निळी अर्धीच भरली. आता लॅबवाले पुन्हा रक्त द्यायला बोलावतात. या रंगांचा अर्थ काय? आणि अर्ध्या रक्तावर टेस्ट होत नाही का, की उगाच त्रास देतात?

उत्तर:

उगाच नाही. ज्याने तो बल्ब, म्हणजे ती निळी बाटली, परत केला त्याने आपलं काम चोख केलं. मी नागपुरात एकोणीस वर्षांपासून लॅब टेक्निशियन आहे, त्यातली बारा वर्षं रक्त गोठण्याच्या टेस्ट करणाऱ्या कोअ‍ॅग्युलेशनच्या टेबलावर गेली. असा एक बल्ब परत न केल्यामुळे काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगांचं आधी उरकून घेते. टोपणाच्या रंगावरून आत काय घातलं आहे ते कळतं. लाल बल्बात रक्त गोठू द्यायचं आणि वरचं सिरम घ्यायचं. पिवळ्यातही तेच, फक्त जेल असतं. जांभळ्यात ईडीटीए, सीबीसीसाठी. करड्यात फ्लोराइड, शुगरसाठी. हिरव्यात हेपॅरिन. निळ्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट. याचं वेगळेपण असं, की सायट्रेट पाण्यासारखं पातळ असतं आणि त्याचं रक्ताशी प्रमाण ठरलेलं असतं: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. तीन मिलीच्या बल्बात ०.३ मिली सायट्रेट आधीपासून असतं, त्यावर २.७ मिली रक्त यायलाच हवं. लेबलवर खूण असते ती त्यासाठी.

आता ती गोष्ट. साधारण चौदा वर्षांपूर्वी मी एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. मे महिना होता. सावनेरकडच्या एक काकू पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी भरती झाल्या होत्या. उन्हातून आलेल्या, दिवसभर पाणी नीट प्यायलेल्या नाहीत, शिरा सापडत नव्हत्या. वॉर्डात ५ मिलीच्या सिरिंजने कसंबसं रक्त निघालं आणि ते लाल, जांभळ्या, करड्या बल्बांत वाटून झाल्यावर उरलेलं निळ्यात गेलं. माझ्या हातात आला तेव्हा त्यात दीड मिलीच्या वर रक्त नव्हतं. बल्ब उभा धरला तर रक्ताची पातळी खुणेच्या पार खाली दिसत होती.

मी म्हटलं, हा परत पाठवते. आमचे लॅब इन्चार्ज म्हणाले, "पेशंट आधीच चिडून राहिली आहे, अजून किती टोचायचं? चालवून घे, रिपोर्टवर शेरा मार." मी तिथे नवीन होते. सॅम्पल लावलं. निळ्या बल्बावर पीटी आणि एपीटीटी होतात, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या दोन टेस्ट. पीटी आली १४.१ सेकंद, निरोगी रक्ताचा कंट्रोल १२.८. एपीटीटी आली ४७.८, कंट्रोल ३०. मी रजिस्टरमध्ये "रक्त कमी" असं लिहिलं आणि रिपोर्टच्या तळाशी इन्चार्जनी सांगितलेला शेरा टाकला. तो शेरा कोणी वाचला नाही. सर्जननी ४७.८ हा आकडा वाचला.

ऑपरेशन पुढे ढकललं. त्याच बल्बातल्या उरलेल्या प्लाझ्मावर, म्हणजे पेशी खाली बसवल्यावर वर राहणाऱ्या पातळ भागावर, मिक्सिंग करायला सांगितलं, म्हणजे काकूंचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळून टेस्ट पुन्हा लावायची. ती आली ३२. पुस्तकाप्रमाणे याचा अर्थ होतो की रक्तातला कुठला तरी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, कमी आहे. मग रक्तपेढीतून प्लाझ्माच्या दोन पिशव्या मागवल्या. मानेवाड्याला नातेवाइकांकडे उतरलेला त्यांचा मुलगा दुपारच्या उन्हात त्यासाठी धावला. दुसरी पिशवी चालू असताना काकूंच्या अंगावर पित्त उठलं, गांध्या आल्या, खाज सुटली. पिशवी बंद करून इंजेक्शन द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन रक्त घेतलं, बल्ब खुणेपर्यंत भरला. एपीटीटी २९.६.

इन्चार्ज म्हणाले, "बघ, प्लाझ्मा दिला म्हणून सुधारली." मी म्हटलं, कालचा बल्ब कमी भरला होता. त्यांनी ऐकलं नाही. हा वाद माझ्या मनात अजून धगधगतो, म्हणून त्यांना जे तेव्हा नीट मांडता आलं नाही ते इथे मांडते.

रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून बल्बात रक्त पातळ राहतं. टेस्ट करताना आपण बाहेरून कॅल्शियम घालतो आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतो. घालायचं कॅल्शियम ठरलेलं असतं. बल्बात सायट्रेट किती हे ते कॅल्शियम ओळखत नाही. बल्ब बरोबर भरला आहे असं धरूनच त्याचं माप ठरवलेलं आहे.

आता हिशोब. काकूंचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४० टक्के होतं. म्हणजे २.७ मिली रक्तात प्लाझ्मा १.६२ मिली. सायट्रेट लाल पेशींत शिरत नाही, प्लाझ्मातच राहतं. ०.३ मिली सायट्रेट १.६२ मिली प्लाझ्मात मिसळलं की त्याची तीव्रता लिटरला १७ मिलिमोलच्या आसपास येते. दीड मिली रक्तात प्लाझ्मा फक्त ०.९ मिली. त्यात तेच ०.३ मिली सायट्रेट, म्हणजे तीव्रता २७. एपीटीटीत आपण प्लाझ्माइतकंच कॅल्शियम क्लोराइड घालतो, त्याची तीव्रता २५. सायट्रेटचा एक कण ढोबळमानाने कॅल्शियमचा एक कण धरतो. बरोबर भरलेल्या बल्बात १७ धरले जातात आणि ८ मोकळे राहतात, तेवढ्यावर रक्त वेळेत गोठतं. अर्ध्या बल्बात धरणारे २७ आणि घातलेले २५, म्हणजे हाताशी जवळपास काहीच उरत नाही. सायट्रेटची पकड सैल असते म्हणून थोडं कॅल्शियम सुटतं आणि रक्त गोठतं, पण उशिरा. शिवाय प्लाझ्माही जास्त पातळ झालेला असतो. पीटीत कॅल्शियम असलेलं रीएजंट, म्हणजे टेस्टचं रसायन, प्लाझ्माच्या दुप्पट पडतं, त्यामुळे तिथे फरक कमी दिसतो. काकूंचे दोन्ही आकडे पुन्हा पाहा: पीटी जराशीच वर, एपीटीटी खूप वर.

आणि मिक्सिंग का सुधारलं? २७ वाला प्लाझ्मा १७ वाल्यात अर्धा-अर्धा मिसळला की तीव्रता २२ होते. ती २५ च्या खाली आहे, म्हणजे कॅल्शियम पुन्हा मोकळं झालं. कुठलाही फॅक्टर कमी नव्हता. बल्बातल्या चुकीने फॅक्टरच्या कमतरतेचं हुबेहूब सोंग घेतलं होतं, आणि त्या सोंगावर काकूंना परक्याचा प्लाझ्मा चढवला गेला.

इन्चार्जना मी हे करून दाखवलं. माझंच रक्त घेतलं, दोन निळ्या बल्बांत. एकात खुणेपर्यंत, दुसऱ्यात दीड मिली. पहिल्याची एपीटीटी ३०.२, दुसऱ्याची ४०.६. हात तोच, सुई तीच, मिनिट तेच. पुढे काकू दीड महिन्याने तपासणीला आल्या, तेव्हा डॉक्टरांना विचारून टेस्ट पुन्हा लावली. चढवलेल्या प्लाझ्मातले फॅक्टर इतके दिवस टिकत नाहीत. एपीटीटी ३०.१ आली. इन्चार्ज म्हणाले, "तेव्हाचा बल्ब आता कुठं आहे?" बल्ब नव्हता, पण रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात "रक्त कमी" लिहिलेलं होतं, ते मी उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरलेला निळा बल्ब लावूच नये. शेरा मारून रिपोर्ट देणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं आहे. गुठळीसाठी हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्या पेशंटच्या बाबतीत तर चूक उलट्या बाजूने अंगावर येते. एपीटीटी खोटीच लांबलेली दिसली की डॉक्टर हेपॅरिन कमी करतात, आणि ज्या गुठळीसाठी ते चालू होतं ती वाढू शकते.

"पुन्हा टोचायला नको" म्हणून होणाऱ्या दोन चुका मला वॉर्डात अजूनही दिसतात. दोन अर्धे निळे बल्ब एकत्र करून एक पूर्ण करतात. त्याने सायट्रेटही दुप्पट होतं, प्रमाण तेवढंच बिघडलेलं राहतं. किंवा जांभळ्यातलं थोडं ओततात; ईडीटीए कॅल्शियम सायट्रेटपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, मग दोन्ही टेस्ट लांबतात. स्काल्प व्हेनने, म्हणजे लांब नळी लावलेल्या बारीक सुईने, रक्त घेताना नळीतली हवा आधी बल्बात जाते आणि तेवढं रक्त कमी येतं, म्हणून आधी एक टाकाऊ बल्ब लावायचा आणि मग निळा. बल्ब तीन-चार वेळा हळूच उलटा करायचा, हलवून फेस आणायचा नाही.

एक गोष्ट मात्र इन्चार्जच्या बाजूनेही सांगायला हवी. प्रत्येक लांबलेली एपीटीटी बल्बाची चूक नसते. पूर्ण भरलेल्या बल्बातही लांब आली तर ती खरी धरून पुढे तपासायला हवं. आणि काही वेळा खुणेपर्यंत भरूनही चूक होते: हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तर रक्तात प्लाझ्माच कमी असतो आणि सायट्रेट जास्त ठरतं. ६० हिमॅटोक्रिटला २.७ मिली रक्तासाठी ०.३ नव्हे, ०.२ मिली सायट्रेट पुरतं, तसा बल्ब लॅबमध्ये करून घ्यावा लागतो. तुमच्या आईला जुना दम्याचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, सीबीसीत हिमोग्लोबिन खूप वर आलं असेल, तर हे लॅबला सांगा.

बाकी उद्या सकाळी आईला डॉक्टरांनी मना केलं नसेल तर दोन ग्लास पाणी पाजून न्या. शिरा बारीक असतील तर २ मिलीचा निळा बल्ब मागा, त्यात १.८ मिली रक्त पुरतं. निळा आधी, जांभळा नंतर भरायला सांगा, आणि सुई काढण्याआधी रक्त खुणेपर्यंत आलं का ते स्वतः बघा. घरून घेतलं तर सॅम्पल चार तासांच्या आत लागेल ना ते विचारा, आणि ते फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका.