सेमिस्टरच्या नोट्स: कुठे तोडायच्या, कशा जोडायच्या

Obsidian मध्ये संख्याशास्त्राच्या एका तासाची नोट चार पानं होते. ती नेमकी कुठे तोडायची?

जिथे एक विधान स्वतःच्या पायावर उभं राहतं, तिथे. समजा, एकाच तासात सेंट्रल लिमिट थिअरम, स्टँडर्ड एरर आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल शिकवले. त्यातला स्टँडर्ड एररचा भाग निवडा आणि कमांड पॅलेटमधून `Extract current selection` चालवा. मजकूर नव्या नोटमध्ये जातो, जुन्या जागी लिंक उरते. तासाची नोट पुसू नका. काय कोणत्या क्रमाने शिकवलं ते तिथेच कळतं.

नव्या नोटचं नाव नुसतं ‘स्टँडर्ड एरर’ ठेवलं, तर तिच्यात पुन्हा सगळंच साठत जातं. त्यापेक्षा पूर्ण विधान द्या आणि छोटं नाव उपनाम म्हणून वर लिहा:

```
---
aliases:
  - स्टँडर्ड एरर
---
SE = σ/√n
σ = 12: n = 36 → 2, n = 144 → 1
SE रुंदी ठरवतो: [[कॉन्फिडन्स इंटर्व्हल]]
```

या नोटचं नाव ‘नमुना चौपट केला की स्टँडर्ड एरर निम्मा होतो’. लिंकआधीचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘हेही पाहा’ म्हणून जोडलेली लिंक महिन्याभरानंतर काहीच सांगत नाही.

मराठीत लिहिताना प्रत्यय लागला की लिंक तुटते. काय करावं?

उभी रेघ वापरा: `[[नमुना|नमुन्याचा]]`. डावीकडे नोटचं नाव, उजवीकडे वाक्यात दिसणारं रूप. `Unlinked mentions` नाव किंवा उपनाम जसंच्या तसं शोधतं. ‘नमुन्याचा’ त्याच्या हाती लागेलच असं नाही. म्हणून लिंक लिहितानाच द्यावी.

बॅकलिंक आपोआप दिसतात, मग प्रत्येक कोर्सचा इंडेक्स हाताने कशाला?

बॅकलिंक ‘इथे कोण येतं’ एवढंच सांगतात. आधी काय वाचायचं ते सांगत नाहीत. इंडेक्समध्ये घटकांचा क्रम ठेवा आणि प्रत्येक लिंकपुढे अर्धं वाक्य लिहा. ते सुचत नसेल, तर बहुधा नोटमध्येच एकापेक्षा जास्त विधानं आहेत. इंडेक्सची ओळ तासाच्या दिवशीच घाला, नाहीतर नोट कुठेच न लागता पडून राहते.

एकच संकल्पना दोन कोर्समध्ये आली तर?

अर्थ एकच असेल तर नोट एकच, आणि दोन्ही इंडेक्समधून तिला लिंक. त्यासाठी कोर्सवार फोल्डर मोडलेलेच बरे, कारण त्यांत प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत तयार होते. अशा प्रती आधीच असतील तर `Merge current file with another file` वापरा. जुन्या लिंक्स एकत्र केलेल्या नोटकडे वळतात.

मात्र आधी अर्थ तपासा. संख्याशास्त्रातला व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. कॉस्ट अकाउंटिंगमधला व्हेरियन्स म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक. या दोन नोट्स वेगळ्याच हव्यात, आणि नावांतही ते दिसायला हवं: ‘व्हेरियन्स (संख्याशास्त्र)’, ‘व्हेरियन्स (कॉस्टिंग)’.